नऊपैकी एक गेला की अख्खा बल्ब का विझतो, आणि तो घरी कसा पेटवायचा

गेल्या महिन्यात पंचवटीतल्या आमच्या शेजारच्या काकू हातात बल्ब घेऊन आल्या. "अरे, देवघरातला हा बल्ब दोन दिवस लुकलुकत होता. काल दिवाबत्तीच्या वेळेला गेलाच. बघतोस का जरा?" साधा 9 वॅटचा, पिनवाल्या होल्डरचा एलईडी बल्ब. बुडाशी छापलेला महिना पाहिला, तर वॉरंटी संपून बरेच दिवस झालेले. वॉरंटीतला असता तर मी त्याला हात लावला नसता. एकदा वरचा डूम उघडला की दुकानदार बल्ब बदलून देत नाही.

मी अंबडला पॅनल वायरिंगचं काम करतो. त्यामुळे असे बल्ब माझ्याकडे येतच असतात. उघडून पाहिलं की बहुतेक वेळा एकच गोष्ट दिसते. आतले नऊ-दहा डायोड असतात, त्यांतला एकच जळालेला असतो आणि बाकीचे सगळे ठणठणीत. तरी बल्ब पूर्ण काळोखा. असं का होतं हे नीट कळलं, की दुरुस्तीत काय करायचं आणि कुठे थांबायचं, दोन्ही आपोआप लक्षात येतं.

बल्बच्या आत मुळात तीनच गोष्टी असतात. वर दुधी रंगाचा प्लॅस्टिकचा डूम. त्याखाली रुपयाच्या नाण्यापेक्षा मोठी, पांढऱ्या रंगाची गोल अ‍ॅल्युमिनियमची प्लेट, आणि तिच्यावर पिवळे चौकोनी दाणे. हा एकेक दाणा म्हणजे एक एलईडी डायोड. आणि प्लेटच्या खाली, बल्बच्या पोटात, ड्रायव्हर नावाचं छोटं सर्किट. घरातल्या 230 व्होल्टच्या एसी विजेचा डीसी करून डायोडांना जेवढा करंट सोसतो तेवढाच देणं, हे त्याचं काम.

हे डायोड सिरीजमध्ये जोडलेले असतात, म्हणजे एकातून बाहेर पडलेला करंट दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात. दिवाळीच्या जुन्या माळा आठवा. एक छोटा बल्ब गेला की पूर्ण ओळ बंद, कारण वाट तिथेच तुटली. तेव्हा आपण काय करायचो? गेलेला बल्ब कापून टाकायचा आणि दोन्ही वायरी पिळून जोडायच्या. माळ पुन्हा लागायची. पण असे तीन-चार काढले की उरलेले जास्तच लखलखायचे आणि भराभर जायचे. माळेला मिळणारे 230 व्होल्ट तेवढेच राहायचे आणि वाटून घेणारे कमी व्हायचे, म्हणून प्रत्येकाच्या वाट्याला जास्त यायचं.

एलईडी बल्बमध्ये हीच युक्ती चालते, आणि माळेपेक्षा बरी चालते. याचं कारण ड्रायव्हर. तो व्होल्टेज ठरवून देत नाही, करंट ठरवून देतो. काकूंच्या बल्बचंच गणित मांडतो. नऊ डायोड, प्रत्येकावर साधारण 9 व्होल्ट, म्हणजे ओळीला मिळून 81 व्होल्ट. करंट अंदाजे 0.1 अँपिअर. गुणाकार केला की डायोडांत जाणारी शक्ती 8.1 वॅट, आणि थोडी ड्रायव्हरमध्येच खर्च होते. आता एक डायोड वगळून वाट जोडली, तर ओळीला 72 व्होल्ट लागतील. ड्रायव्हर आपला करंट 0.1 वरच ठेवतो आणि व्होल्टेज आपोआप 72 वर आणतो. उरलेल्या आठांवर जादा भार येत नाही. प्रकाश नवव्या हिश्श्याने कमी होतो, तो डोळ्यांना जेमतेम जाणवतो.

सगळी दुरुस्ती या एका गोष्टीवर उभी आहे. तिची मर्यादाही इथेच आहे, तिच्याकडे पुढे येतो.

उघडण्याआधी एक इशारा, आणि तो मी अगदी मनापासून देतो आहे. या बल्बांतला ड्रायव्हर बहुधा मेन लाइनपासून वेगळा केलेला नसतो. डूम काढून बल्ब होल्डरला लावला, तर प्लेटवरच्या कथलाच्या प्रत्येक डागावर थेट शॉक बसेल इतकं व्होल्टेज असतं. फक्त बटण बंद करून भागत नाही, कारण पुष्कळ जुन्या घरांत बटण चुकून न्यूट्रलवर बसवलेलं असतं. बल्ब होल्डरमधून काढून टेबलावर आणायचा, मगच उघडायचा. शिवाय डायोडांची वाट तुटलेली असली, की ड्रायव्हरच्या शेवटी बसवलेला, वीज साठवणारा कपॅसिटर भरलेला राहू शकतो. कधी कधी तो 300 व्होल्टच्या आसपासही चढलेला असतो. म्हणून डूम निघाल्यावर आधी मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून प्लेटवरच्या प्लस आणि मायनसवर टेकवायचा. काही व्होल्टेज दिसलं, तर 10 किलोओहमचा रेझिस्टर प्लॅस्टिकच्या मुठीच्या पकडीत धरून दोन्हींवर दोन-तीन सेकंद लावायचा, आणि मीटर शून्याजवळ आला की पुढे जायचं.

डूम बहुतेक वेळा सिलिकॉनच्या गोंदाने चिकटवलेला असतो. कडेवर दोन मिनिटं हेअर ड्रायर फिरवला, मग कटरचं पातं कडेच्या फटीतून हळूहळू गोल फिरवलं आणि डूम पिळला, की सुटतो. पातं आत खोल घालायचं नाही, कडेचे डायोड लगेच ओरखडतात.

काकूंचा बल्ब उघडला तर पाचव्या डायोडच्या पिवळ्या पृष्ठभागावर मोहरीपेक्षाही लहान काळा ठिपका होता. हा ठिपका म्हणजे ठळक खूण. डायोडच्या आतल्या चिपला केसापेक्षा बारीक तार जोडलेली असते. उष्णतेने पिवळं आवरण फुगतं, आकसतं, फुगतं, आकसतं, आणि एक दिवस ती तार निघते किंवा चिपच करपते. तुटताना ठिणगी पडते आणि वर काळं दिसतं. बल्ब आधी दोन दिवस लुकलुकत होता, तेव्हा ही तार अर्धवट टेकलेली होती. गरम झाली की सुटायची, गार झाली की पुन्हा टेकायची.

ठिपका दिसतो तेव्हा काम सोपं असतं, पण प्रत्येक वेळी तो दिसेलच असं नाही, आणि दिसला तरी तेवढाच एक गेला आहे याची खात्री नसते. म्हणून एकेक तपासायचा. इथे बऱ्याच जणांची फसगत होते. ते मल्टिमीटर डायोडच्या खुणेवर ठेवतात, एकही डायोड पेटत नाही, आणि सगळेच गेले असं समजून बल्ब टाकून देतात. अनेक साधे मीटर त्या जागी जेमतेम 3 व्होल्ट देतात. पुष्कळ बल्बांतल्या एका पिवळ्या दाण्यात मात्र तीन चिपा सिरीजमध्ये असतात आणि त्याला 9 व्होल्ट लागतात. 3 व्होल्टवर तो पेटणारच नाही.

माझ्याकडे यासाठी अगदी साधी चीज आहे. 9 व्होल्टची चौकोनी बॅटरी, तिच्या एका वायरीत 1 किलोओहमचा रेझिस्टर, आणि टोकाला दोन शिवणाच्या सुया. रेझिस्टरमुळे करंट काही मिलीअँपिअरच्या वर जात नाही, त्यामुळे डायोडला इजा होण्याची भीती नाही. सुया डायोडच्या दोन्ही बाजूंच्या डागांवर टेकवायच्या. पेटला नाही तर सुया उलट्या करून पाहायच्या, कारण डायोडमधून करंट एकाच दिशेने जातो. चांगला डायोड मंद, पण स्पष्ट उजळतो. दोन्ही बाजूंनी काळोखच राहिला, तर तो गेलेला. काकूंच्या बल्बमध्ये पाचवा सोडून आठही उजळले.

याच वेळी आणखी एक मोजमाप करून ठेवायचं, पुढे त्याची गरज पडते. डायोड बॅटरीवर पेटलेला असताना त्याच्या दोन टोकांवर मीटर लावायचा. साधारण 8 व्होल्ट दिसले तर तो 9 व्होल्टच्या जातीचा, साधारण साडेपाच दिसले तर 6 व्होल्टचा, आणि पावणेतीनच्या आसपास दिसले तर एकाच चिपचा 3 व्होल्टचा. काकूंच्या बल्बवर 8.1 दिसले. डायोड 18 व्होल्टचा असेल तर एका बॅटरीवर चांगलाही पेटत नाही. म्हणून ओळीतला एकही पेटला नाही तर दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये लावून पुन्हा पाहायचं. सगळेच डायोड चांगले निघाले, तर दोष बहुधा ड्रायव्हरमध्ये आहे. ती दुरुस्ती वेगळी, आणि मेन लाइनची सवय नसलेल्याने घरी तिच्या मागे लागू नये.

आता जोडणी. गेलेल्या डायोडचं पिवळं आवरण कटरच्या टोकाने खरवडून काढलं, की खाली तांब्याचे दोन चकचकीत तुकडे दिसतात. त्यांना एकमेकांशी जोडायचं. कथील नीट धरावं म्हणून थोडा फ्लक्स लावायचा, रेझिस्टरच्या पायाचा चार मिलिमीटरचा तुकडा आडवा ठेवायचा आणि दोन्ही टोकांना डाग द्यायचा. ऐकायला सोपं आहे, पण अ‍ॅल्युमिनियमची प्लेट उष्णता पसरवण्यासाठीच केलेली असते. 25 वॅटच्या सोल्डरिंग आयर्नची सगळी उष्णता ती शोषून घेते. कथील वितळतं, पण तांब्याला धरत नाही, वरच्या वर गोळा होऊन बसतं. असा डाग राखाडी आणि खरखरीत दिसतो. बल्ब दोन दिवस चालतो आणि पुन्हा लुकलुकायला लागतो. 60 वॅटचं आयर्न, रुंद टोक आणि चार-पाच सेकंदांचा दम, एवढं दिलं तर कथील पाण्यासारखं पसरतं आणि चमकतं. पेन्सिलीची कांडी घासून किंवा चॉकलेटची चांदी दाबून जोडायचे प्रकार मी पाहिले आहेत. त्यांत संपर्क पक्का नसतो, तिथेच ठिणग्या पडतात आणि प्लेट करपते. ते करू नका.

खरवडताना एका गोष्टीला फार जपावं लागतं. तांबं आणि अ‍ॅल्युमिनियम यांच्यामध्ये जेमतेम 0.1 मिलिमीटर जाडीचा इन्सुलेशनचा थर असतो. पातं त्यातून आरपार गेलं आणि वर कथील सांडलं, तर प्लेटच लाइव्ह होते. ज्या बल्बचं अंग धातूचं आहे त्यात ही वीज बाहेर हाताला लागू शकते. म्हणून डाग दिल्यावर मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवायचा. एक टोक डागावर, दुसरं प्लेटच्या मागच्या उघड्या अ‍ॅल्युमिनियमवर. बीप वाजला तर ती प्लेट कायमची बाद. काकूंच्या प्लेटवर बीप आला नाही.

डूम परत बसवला आणि बल्ब सिरीज बोर्डवर लावला. सातपूरच्या आयटीआयमध्ये शिकताना केलेला लाकडी बोर्ड अजून माझ्याकडे आहे. त्यात जुना 60 वॅटचा तारेचा बल्ब सिरीजमध्ये येतो. दुरुस्त केलेला बल्ब ठीक असेल तर तोच पेटतो आणि तारेचा बल्ब काळाच राहतो. आत शॉर्ट असेल तर तारेचा बल्ब भक्कन पेटतो, पण घराचा फ्यूज जात नाही की काही फुटत नाही. आठ डायोडांनी बल्ब छान लागला.

वीस मिनिटांनी तो पुन्हा लुकलुकायला लागला.

हे का झालं ते शोधण्यात माझा अर्धा तास गेला. बल्ब काढला, कपॅसिटर तपासला, आठही डायोड बॅटरीवर पाहिले, तर आठही उजळले. गार असताना सगळेच चांगले! मग प्लेटवर हेअर ड्रायर धरला. बोट लावून ठेवता येणार नाही इतकी गरम झाल्यावर पुन्हा सुया लावल्या, आणि सातवा विझला. त्याच्यावर काळा ठिपका नव्हता, काही नव्हतं. आतली तार गरम झाल्यावरच सुटत होती. बल्ब लावल्यावर काही वेळाने विझत असेल तर हीच परीक्षा करा. गार प्लेटवर असला दोष सापडत नाही.

आता सातवाही जोडून टाकायचा का? नऊपैकी दोन वगळले तर ओळीला 63 व्होल्ट पुरतील. ड्रायव्हर ठराविक पट्ट्यातल्या व्होल्टेजसाठीच बनवलेला असतो. त्या पट्ट्याखाली गेलं तर तो लुकलुकतो किंवा बंद पडतो. प्रकाशही जवळजवळ पाव हिश्श्याने घटतो. म्हणून माझा शिरस्ता असा, की आठ-दहा डायोडांच्या बल्बमध्ये एक जोडायचा, दुसरा गेला तर बदलायचा.

दोन प्रकारच्या बल्बांत तर पहिलाही जोडू नये. काहींत डायोड जोडीजोडीने असतात, दोन शेजारी-शेजारी समांतर आणि मग अशा जोड्या सिरीजमध्ये. बॅटरी एकाला लावली आणि शेजारचाही उजळला, की समजा जोडी आहे. तिथे वाट जोडली तर चांगलाही डायोड बाद होतो. आणि न जोडता सोडला, तर एकट्याला दुप्पट करंट सोसावा लागतो आणि तोही काही दिवसांत जातो. दुसरा प्रकार म्हणजे ज्यांच्या पोटात वेगळा ड्रायव्हर नसतो आणि डायोडांच्याच प्लेटवर लहान काळी आयसी बसवलेली असते. ही आयसी सहसा उरलेलं व्होल्टेज स्वतःच्या अंगावर घेऊन त्याची उष्णता करते. एक 18 व्होल्टचा डायोड वगळला की ते 18 व्होल्ट आयसीच्या अंगावर पडतात. ती जास्त तापते आणि लवकर जाते. अशा प्लेटवर डायोड बदलायचाच.

बदलायला डायोड कुठून आणायचा? ज्या बल्बचा ड्रायव्हर गेला आहे आणि डायोड शाबूत आहेत, असा एखादा जुना बल्ब पुरतो. माझ्या खोक्यात असे दोन-तीन नेहमी पडलेले असतात. आकार मापून पाहायचा, 2.8 गुणिले 3.5 मिलिमीटरचा दाणा सर्रास आढळतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे बॅटरीवरचं व्होल्टेज जुळलं पाहिजे आणि ज्या बल्बातून काढतो आहोत त्याचे वॅट सारखेच हवेत. माझ्या जुन्या बल्बमधल्या डायोडवर 8.2 दिसले, आपल्यावर 8.1 होते. चांगलं जुळलं. त्याचा प्रकाश किंचित पिवळसर होता, पण डूममागे तो कळत नाही.

अ‍ॅल्युमिनियमच्या प्लेटवरून डायोड वरून आयर्न लावून निघत नाही. प्लेटच खालून तापवावी लागते. मी दोन्ही प्लेटा घेऊन महात्मा गांधी रोडवर मोबाइल दुरुस्ती करणाऱ्या मित्राकडे गेलो, त्याच्याकडे छोटी हॉट प्लेट आहे. आधी ड्रायव्हरच्या दोन वायरी सोडवल्या आणि कोणती प्लसला होती ते लिहून ठेवलं. प्लेट तापली की सगळ्या डायोडांखालचं कथील एकदम वितळतं, म्हणून धक्का लागू द्यायचा नाही. चिमट्याने सातवा उचलला, तिथे दुसऱ्या प्लेटवरचा ठेवला. ठेवताना तो किंचित तिरका होता. वितळलेल्या कथलाने त्याला स्वतःच सरळ ओढून घेतलं. हा क्षण बघायला मला दर वेळी आवडतं. मग हॉट प्लेट बंद केली आणि सगळं हात न लावता गार होऊ दिलं. कोणती बाजू प्लसची, हे डायोडच्या कोपऱ्यावरच्या खाचेवरून ओळखता येतं, पण खुणा बनवणाऱ्यागणिक बदलतात. म्हणून उचलण्यापूर्वी बॅटरीवर पाहून ठेवलं होतं.

एवढं करूनही मूळ कारण बाकी होतं. दोन डायोड एकाच आठवड्यात जावेत इतकी प्लेट का तापत होती? उलटून पाहिली तर प्लेट आणि बल्बचं अंग यांच्यामध्ये असायला हवी ती पांढरी थर्मल पेस्ट मधोमध एका वाळलेल्या टिकलीएवढीच होती. उष्णता अंगात उतरायला वाटच नव्हती. त्यात काकूंच्या देवघरात हा बल्ब काचेच्या बंद गोल झुंबरात बसवलेला, हवा खेळायला जागा नाही. जुनी पेस्ट पुसली, नवीन पातळ थर दिला, प्लेट घट्ट दाबून बसवली, वायरी जोडल्या, डूमच्या कडेला सिलिकॉन लावून रात्रभर वाळू दिलं. दुसऱ्या दिवशी सिरीज बोर्डवर तासभर लावून ठेवला. या वेळी लुकलुकला नाही, आणि अंग पूर्वीपेक्षा जास्त गरम लागलं. ते चांगलंच लक्षण, आतली उष्णता बाहेर येत होती.

"काकू, हा आता झुंबरात लावू नका. जिन्यातल्या उघड्या होल्डरला लावा, आणि देवघरात 5 वॅटचा घ्या. तिथे तेवढा पुरतो," मी सांगितलं.

"आणि हा पुन्हा गेला तर?"

"तर माझ्याकडे द्या, टाकू नका. आणखी एक डायोड गेला तर हा बल्ब मी दुरुस्त नाही करणार. उरलेले सात काढून पुढच्या बल्बसाठी ठेवीन."